पेच एकच असावा: मालकापुढे शिफारस मांडताना

"सर, मी सोलापुरात एका छोट्या सल्लागार फर्ममध्ये दोन वर्षांपासून काम करतो. ग्राहकाला द्यायची शिफारस परिस्थिती, गुंतागुंत आणि निराकरण या क्रमाने मांडावी, असे आम्हाला शिकवले आहे. मी तसेच केले, ३८ स्लाइड तयार केल्या. तरी मालक मध्येच म्हणाले, 'हे सगळं आम्हाला माहीत आहे, पुढचं बोला.' आणि शिफारशीवर आल्यावर म्हणाले, 'पण हे कशावरून?' माझे नेमके कुठे चुकते?"

मालकांची ती दोन वाक्ये दोन वेगळ्या चुकांकडे बोट दाखवतात. पहिले वाक्य तुमच्या परिस्थितीबद्दल आहे: ती गरजेपेक्षा लांब झाली. दुसरे वाक्य शिफारशीबद्दल वाटत असले तरी खरे म्हणजे ते गुंतागुंतीबद्दल आहे. "कशावरून?" असे ऐकणाऱ्याला विचारावे लागते, कारण त्याच्या मनात जो प्रश्न उभा राहायला हवा होता तो तुम्ही उभा केलेला नसतो आणि तुमचे उत्तर त्याला अधांतरी वाटते.

मी स्वतः "गुंतागुंत" हा शब्द आता वापरत नाही, "पेच" म्हणतो, आणि निराकरणाला "उकल". हा केवळ शब्दांचा हट्ट नाही. "गुंतागुंत" म्हटले की हाताखालची मुले कारखान्यातल्या सगळ्या अडचणी गोळा करून आणतात: कामगार मिळत नाहीत, सूत महागले, वीज जाते, वसुली थकली. पेच म्हटले की तो एक असतो, त्याला दोन बाजू असतात आणि तो सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत एकेकाळी अहवाललेखन शिकवणाऱ्या बार्बरा मिंटो यांच्या मूळ मांडणीत परिस्थिती आणि पेच यांच्यानंतर लगेच उत्तर येत नाही. मध्ये प्रश्न येतो. आपल्याकडे ही रचना तीन शब्दांत शिकवली जाते तेव्हा हा मधला प्रश्न गळून पडतो, आणि माझ्या अनुभवात बहुतेक अहवाल तिथेच मोडतात. पेच असा लिहायचा की तो वाचून मालकाच्या तोंडून एकच प्रश्न निघावा, आणि तुमची शिफारस त्याच प्रश्नाचे उत्तर असावी. प्रश्न दोन निघाले तर पेच नीट लिहिलेला नाही. प्रश्न एक आणि उत्तर भलत्याचेच असेल, तर शिफारस चुकली आहे किंवा पेच तरी चुकला आहे.

हे एका कामाच्या आधारे सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा एक कारखाना आहे, घरचा धंदा, दोन भाऊ. थोरले अण्णा उत्पादन आणि पैसा पाहतात, धाकटे विक्री. त्यांची ओळख पटू नये म्हणून आकडे बदलून गोल केले आहेत, पण आकड्यांतले नाते तेच ठेवले आहे. कारखान्यात २४ रेपियर माग दोन पाळ्यांत चालत होते. ऑर्डरी वेळेत जात नव्हत्या, म्हणून अण्णांनी ३ कोटींचे कर्ज काढून आणखी ८ माग घ्यायचे ठरवले होते. आम्हाला बोलावले ते फक्त प्रकल्प अहवाल तपासायला. शेवटी आमची शिफारस अशी झाली की माग सहा महिने घेऊ नयेत. ज्याने मनाशी निर्णय पक्का केलेला आहे अशा माणसाला हे सांगायचे होते, म्हणून मांडणीचा प्रत्येक सांधा तपासावा लागला.

आधी परिस्थिती. आमच्या फर्ममधल्या एका हुशार मुलाने तिचा पहिला मसुदा लिहिला, त्यात चार पाने सोलापूरचा वस्त्रोद्योग होता: गिरण्यांचा काळ, यंत्रमाग, चादरीला मिळालेले भौगोलिक मानांकन, टॉवेलची निर्यात. एकही वाक्य खोटे नव्हते, पण अण्णांचे वडील हातमागावर बसत होते. त्यांना हे आम्ही सांगायचे काय कारण? परिस्थितीत वाक्य ठेवायचे की काढायचे, यासाठी मी दोनच गोष्टी पाहतो. खोलीतला प्रत्येक जण त्या वाक्याला मान डोलावेल का, आणि ते वाक्य काढले तर पुढचा पेच समजायला अडचण येईल का? दोन्हींचे उत्तर "हो" असेल तरच वाक्य ठेवायचे. या चाळणीतून त्या चार पानांचे शेवटी असे झाले:

"गेल्या तीन वर्षांत कारखान्याची विक्री १८ कोटींच्या आसपास स्थिर आहे, पण ग्राहक बदलले आहेत. घाऊक व्यापाऱ्यांचा वाटा कमी होऊन हॉटेले, रुग्णालये आणि जिम यांचा वाटा २० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेला आहे. या ग्राहकांकडे दर चांगला मिळतो, मात्र त्यांना ठरलेल्या तारखेला माल लागतो. ही मागणी पुरी करण्यासाठी ३ कोटी खर्चून ८ माग घेण्याचा विचार आहे."

एवढेच. इथे "ऑर्डरी उशिरा जातात" हे वाक्य मुद्दाम नाही, कारण तो पेचाचा भाग आहे. मागांचा विचार मात्र परिस्थितीत आहे, कारण ती त्या घरातली वस्तुस्थिती होती आणि दोन्ही भावांना मान्य होती. पुष्कळ जण ग्राहकाच्या मनातला निर्णय परिस्थितीत लिहायला संकोचतात, आणि मग अहवाल संपेपर्यंत मालक वाट पाहत राहतो की माझ्या मागांचे काय.

परिस्थितीत वाद होण्याजोगे एकही वाक्य नको, हे मी नुकसान सोसून शिकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मी पहिल्याच स्लाइडवर लिहिले होते, "मागणी घटल्यामुळे विक्री कमी झाली आहे." विक्री कमी झाली होती हे खरे, पण "मागणी घटल्यामुळे" हे माझे अनुमान होते. घरातल्या एकाचे म्हणणे होते की मागणी आहे, माल वेळेत निघत नाही. दुसऱ्याचे म्हणणे होते की उधारीमुळे व्यापारी तुटले. दीड तास त्या एका शब्दावर गेला, जेवणाची वेळ झाली आणि शिफारस मांडायची राहूनच गेली. पुढची बैठक कधी झाली नाही. तेव्हापासून परिस्थितीतल्या प्रत्येक "मुळे" आणि "म्हणून" खाली मी पेन्सिलीने रेघ ओढतो. कारण सांगणारा शब्द परिस्थितीत आला की तो निष्कर्ष असतो, आणि निष्कर्षाला पुरावा लागतो.

आता पेच. टॉवेल कारखान्याच्या कामात आमचा निम्म्याहून अधिक वेळ इथे गेला, आणि तो तसा जायलाच हवा. पहिल्या मसुद्यातला पेच असा होता: "मागांची क्षमता अपुरी असल्याने ऑर्डरी उशिरा जातात." हे वाचून मनात येणारा प्रश्न एकच, माग किती घ्यावेत? म्हणजे हा पेच मालकाच्या उत्तरावरून उलटा बेतलेला होता. ही चूक ओळखायची सोपी खूण अशी: पेचाच्या वाक्यात "अपुरे", "नाही", "अभाव" असा शब्द असला की बहुधा त्यात उकल आधीच लपलेली असते. "सॉफ्टवेअर नसल्याने" असे लिहिले की शिफारस सॉफ्टवेअर घेण्याचीच येणार. अशा वेळी विचारायचे: हे नसल्यामुळे प्रत्यक्षात काय घडते, आणि ते दुसऱ्या कशामुळे घडत असेल का?

उत्तर शेडमध्ये होते. मागांच्या थांब्यांची एक नोंदवही होती. प्रत्येक पाळीत मागांवर देखरेख करणारा जॉबर माग क्रमांक, थांबला किती वाजता, सुरू झाला किती वाजता आणि कारण असे लिहीत असे. तीन महिन्यांचे ७५ कामाचे दिवस धरले. २४ माग, दिवसाला १६ तास, म्हणजे २८,८०० माग-तास उपलब्ध होते. त्यातले ८,६४० तास, म्हणजे ३० टक्के, माग बंद होते. कारणांच्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द होता "सूत नाही".

यावर लगेच विश्वास ठेवला असता तर आम्ही तोंडावर पडलो असतो. माझा सहकारी दोन पूर्ण पाळ्या शेडमध्ये उभा राहिला. त्याने पाहिले की विणकर आला नाही तरी काही जॉबर "सूत नाही" लिहितात, कारण गैरहजेरी लिहिली की पुढची चौकशी त्यांच्यामागे लागते. म्हणून आम्ही नोंदवहीतल्या तारखा रंगणी कारखान्याच्या चलनांशी जुळवल्या. ज्या दिवशी त्या ऑर्डरीचे रंगीत सूत आवारात आलेले होते, त्या दिवसाची "सूत नाही" ही नोंद काढून टाकली. "सूत नाही" म्हणून लिहिलेल्या ५,९०० तासांतले ७०० तास असे गळाले. उरलेले ५,२०० तास पक्के होते: एकूण वेळेच्या १८ टक्के. २४ मागांचे १८ टक्के म्हणजे चार मागांहून थोडे अधिक. याचा अर्थ असा की आणखी ८ माग मागणाऱ्या त्या कारखान्यात चार मागांइतकी क्षमता आत्ताच रंगीत सुताची वाट पाहत उभी होती. सहकाऱ्याने एक फोटो काढून आणला होता: माग क्रमांक ११ रिकामा, वर टांगलेल्या पाटीवर खडूने "रंग येणे" आणि त्यापुढे नऊ दिवसांपूर्वीची तारीख. तो फोटो आम्ही सादरीकरणात वापरला, आणि बैठकीत सगळ्यांत जास्त वेळ त्याच्याकडे पाहिले गेले.

सूत उशिरा का येत होते, हा पुढचा प्रश्न. रंगणी बाहेरच्या कारखान्यात मजुरीवर होत होती. रंगणीवाला यंत्र पूर्ण भरेल इतका एका छटेचा माल जमला की लॉट लावतो. अर्धे यंत्र चालवले तरी त्याचे पाणी, वाफ आणि वेळ जवळपास तेवढेच जाते. घाऊक व्यापाऱ्यांच्या काळात चार-पाच रंगांचे मोठे लॉट जायचे, ते लगेच लागायचे. हॉटेले आणि जिम आली तसे साठ-सत्तर किलोचे छोटे लॉट आणि वर्षाला ४६ छटा झाल्या. छोटा लॉट यंत्र भरेपर्यंत पडून राहतो, आणि छटा जुळली नाही की पुन्हा रंगवायला जातो. म्हणजे ज्या ग्राहकांमुळे दर वाढला, त्याच ग्राहकांच्या ऑर्डरीच्या स्वरूपामुळे माग उभे राहत होते.

इथे आम्हाला पेच सापडला, आणि तो चांगला होता असे मी म्हणतो त्याला कारण आहे. तो परिस्थितीच्या पोटातून निघाला होता. परिस्थितीत सांगितलेली चांगली गोष्ट, नवे ग्राहक, तीच अडचणीचे मूळ ठरली. परिस्थिती आणि पेच यांच्यात असा सांधा असला की ऐकणारा मध्ये अडखळत नाही. तुमच्या अहवालात परिस्थिती धंद्याच्या इतिहासाची आणि पेच वसुलीचा, असे असेल तर दोन वेगळे अहवाल एकामागे एक ठेवल्यासारखे वाटते. आमचा पेच शेवटी असा लिहिला:

"गेल्या वर्षी या ग्राहकांच्या ६० ऑर्डरींपैकी २२ उशिरा गेल्या. त्यातल्या १७ विणकामात अडकलेल्या नव्हत्या; त्यांचे रंगीत सूत उशिरा आले होते. छोट्या लॉटमुळे रंगणी लांबते आणि तोवर माग थांबतात. थांबलेला हा वेळ चार मागांइतका आहे. नवे माग घेतले तर तेही याच सुताची वाट पाहतील."

शेवटचे वाक्य नसते तर हा पेच केवळ तक्रार राहिला असता. त्या वाक्याने तो परिस्थितीतल्या मागांच्या विचाराला जाऊन भिडला आणि प्रश्न उभा राहिला: मग ऑर्डरी वेळेत जाण्यासाठी आत्ता पैसा कुठे घालायचा? आम्ही हा प्रश्न एका ओळीत, वेगळ्या स्लाइडवर लिहिला. सादरीकरणात तो ठेवलाच पाहिजे असे नाही, पण तुमच्या मसुद्यात तो लिहिलेला असला पाहिजे. लिहिताना अडला तर समजावे की पेच अजून हाती आलेला नाही.

वीजकपात, कामगारांची गैरहजेरी, थकलेली वसुली यांचे आम्ही काय केले, असे तुम्ही विचाराल. ८,६४० तासांतले उरलेले ३,४४० तास बीम बदल, वीज, गैरहजेरी अशा कारणांत विभागलेले होते आणि त्यातले कुठलेही एक कारण सुताच्या जवळपासही नव्हते. ते परिशिष्टात एका तक्त्यात गेले. वसुलीचा आमच्या प्रश्नाशी संबंध नव्हता, म्हणून तिच्याबद्दल अण्णांशी वेगळे बोललो. गोळा केलेली माहिती वगळताना जीव तुटतो हे मला ठाऊक आहे. ती गोळा करायला कोणीतरी उन्हात एमआयडीसीत फिरलेले असते. तरी वगळावी लागते.

उकलीत काय लिहायचे हे पेच नीट असला की बरेचसे ठरून जाते, पण तीन गोष्टी तिथे राहून जातात असे मी पाहतो: दुसरे पर्याय का नाहीत, खर्च किती आणि शिफारस कुठे लागू पडत नाही. आमची उकल अशी होती. मागांची खरेदी सहा महिने पुढे ढकलावी. ४६ छटांपैकी ज्या १२ छटांत सुमारे ७० टक्के वजन जाते, त्यांचे रंगीत सूत प्रत्येकी १,००० किलो साठ्यात ठेवावे. किलोला २९० रुपये धरून यात सुमारे ३५ लाख गुंततात. उरलेल्या छटांसाठी रंगणी कारखान्याशी आठवड्यातले दोन दिवस बांधून घ्यावेत, यंत्र भरले नाही तरी ठरलेले पैसे द्यावेत, आणि त्याचा वर्षाचा जादा खर्च सुमारे ६ लाख धरावा. या छटांच्या ऑर्डरीला २१ दिवसांऐवजी ३५ दिवसांची तारीख द्यावी.

स्वतःची रंगणी का नको, हे विचारले जाणार हे उघड होते. तिला पाणी लागते, सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प लागतो आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी उभारणीसाठी आणि मग चालवण्यासाठी अशी दोनदा घ्यावी लागते. येत्या हंगामाच्या ऑर्डरी त्यात सुटणार नव्हत्या. हे दोन वाक्यांत सांगितले आणि पुढे गेलो.

मर्यादेची बाजू मात्र आम्ही सविस्तर लिहिली, कारण अण्णांचा मागांचा विचार मूर्खपणाचा नव्हता. सुतासाठीचे थांबे १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, तर चालू वेळ ७० टक्क्यांवरून ८३ टक्क्यांवर जातो, म्हणजे उत्पादन साधारण १९ टक्क्यांनी वाढते. हातातल्या ऑर्डरी वेळेत जाण्यास हे पुरते. विक्री त्याहून जास्त वाढवायची असेल तर माग लागतीलच, आणि तेव्हा ते घ्यावेत. म्हणून शिफारशीतच अट लिहिली: सुतासाठीचे थांबे ५ टक्क्यांखाली आले आणि तरीही ऑर्डरी अडत असतील, तर माग घ्यावेत. आमचा पुरावा तीन महिन्यांचा आहे, वर्षाचा नाही, हेही त्याच पानावर होते. अशी अट घातल्याने शिफारस दुबळी होते असे काही वरिष्ठ सल्लागार मानतात. मला ते पटत नाही. ज्याचा पैसा जाणार आहे, त्याला आपले म्हणणे कधी खोटे ठरेल हे सांगणे मी कर्तव्य समजतो. शिवाय "माग घेऊ नका" ऐवजी "माग कधी घ्यायचे" असे झाल्याने अण्णांच्या शब्दाचा मानही राहिला.

आता क्रमाबद्दल, कारण इथे नेहमी गोंधळ होतो. उत्तर आधी सांगावे की शेवटी? माझी पद्धत अशी: वाचणाऱ्याचे मत अजून बनलेले नसेल, किंवा तो आपल्या बाजूचा असेल, तर उकल पहिल्या ओळीत. बँकेच्या अधिकाऱ्यासाठी आम्ही जे एक पान केले त्याची सुरुवातच "मागांसाठीचे कर्ज सहा महिने लांबवावे आणि ३५ लाखांचे खेळते भांडवल द्यावे" अशी होती, पेच खाली. पण ऐकणाऱ्याने उलटा निर्णय आधीच घेतला असेल, तर परिस्थिती, पेच आणि मग उकल हाच क्रम, कारण उत्तर आधी आले तर तो पुढची वीस मिनिटे ऐकत नाही, खंडन शोधत असतो. मात्र हा क्रम निवडला तर उकलीपर्यंत लवकर पोहोचायला हवे. आमची परिस्थिती एक स्लाइड होती, पेच तीन आणि प्रश्न एक. सहाव्या स्लाइडवर शिफारस आली. तुमच्या ३८ स्लाइडमध्ये ती कितव्या क्रमांकावर होती, हे मोजून पाहा.

क्रम कोणताही असो, बैठकीच्या आधी पेच त्या घरातल्या महत्त्वाच्या माणसांना एकेकट्याने दाखवावा. आम्ही आधी धाकट्या भावाकडे गेलो, कारण साठ्याबाहेरच्या छटांना लांबची तारीख देण्याची झळ त्यांच्या विक्रीला बसणार होती. त्यांनी सांगितले की दोन हॉटेलांच्या ठरलेल्या छटा आमच्या १२ मध्ये नाहीत आणि ती हॉटेले सोडता येणार नाहीत. यादीतल्या दोन छटा बदलल्या. मग नोंदवही लिहिणाऱ्या जॉबरांना ७०० तासांची वजाबाकी समजावली, म्हणजे भर बैठकीत "नोंदवही खोटी आहे" असे कोणी म्हणाले तर उत्तर तयार असावे आणि त्यांच्यावर आळही येऊ नये. अण्णांना स्वतःला आदल्या दिवशी फक्त पेचाचे पान दिले, उकल दिली नाही. सकाळी ते आले तेच म्हणत, "मग आता सुताचं काय करायचं ते सांगा." प्रश्न त्यांच्या तोंडून आला होता.

तुमच्या स्लाइडची तपासणी आज संध्याकाळी करता येईल. सगळे मजकूर झाकून फक्त मथळे एकाखाली एक कागदावर उतरवा आणि धंद्याशी संबंध नसलेल्या घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. "बाजारपेठेचा आढावा", "उत्पादन विश्लेषण", "निरीक्षणे" असे मथळे असतील तर ऐकणाऱ्याला काहीच कळणार नाही, कारण त्यांत क्रियापद नाही. मथळा पूर्ण वाक्य हवा: "उशिरा गेलेल्या २२ पैकी १७ ऑर्डरींचे सूतच उशिरा आले." दोन मथळ्यांच्या मध्ये ऐकणाऱ्याने "बरं, मग?" म्हटले आणि पुढच्या मथळ्याने त्याचे उत्तर दिले, तर सांधा जुळला. "हे मध्येच कुठून आलं?" असे म्हटले, तर ती स्लाइड परिशिष्टात जाते. मी अजूनही प्रत्येक अहवालाचे मथळे घरी वाचून दाखवतो आणि दर वेळी निदान दोन स्लाइड गळतात.

त्या कारखान्याने माग पुढे ढकलले. सहा महिन्यांनी पुन्हा नोंदवही पाहिली तेव्हा सुतासाठीचे थांबे १८ वरून ७ टक्क्यांवर आले होते. त्या काळातल्या ३४ ऑर्डरींपैकी ५ उशिरा गेल्या. आपणच घातलेली ५ टक्क्यांची अट पुरी झाली नव्हती, म्हणून मागांचा निर्णय आणखी तीन महिने लांबवावा असे आम्ही कळवले. त्या पत्राची परिस्थिती लिहिताना मागच्या अहवालातली उकल आता परिस्थितीत आली: साठा आहे, दोन दिवस बांधलेले आहेत, थांबे ७ टक्के आहेत. नवा पेच वेगळा होता. साठ्यातल्या १२ छटांपैकी तीन छटांचे सूत चार महिने हललेलेच नव्हते, आणि त्यात अण्णांचे जवळपास ९ लाख अडकले होते.